वजा साठ किलो

मार्च संपत आला होता. मी तुरीची पोती मोजत होतो, तेवढ्यात पुण्याहून फोन आला.

"माह्या लग्नात तू बोलजो," तो म्हणाला. "तीन-चार मिनिटं. थोडं हसवजो, एखादी गोष्ट सांगजो, अन् शेवटी सगळ्याइले गिलास उचलाले लावजो."

"गिलास? अबे, जिल्हा कोणता आपला?"

तो हसला. त्याचं खरं नाव इथे लिहीत नाही, नवरदेव म्हणूनच पुढे जाऊ. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. आता तो पुण्यात एका कंपनीत आहे आणि मी गावात, हिंगणघाट तालुक्यात, शेती आणि कृषी केंद्र सांभाळतो. वर्षभरापूर्वी तो एका सहकाऱ्याच्या लग्नाला गोव्यात गेला होता. कॅथलिक लग्न. तिथे एकाने उभं राहून नवरा-नवरीबद्दल चार शब्द सांगितले, लोक हसले, कोणीतरी डोळे पुसले, आणि मग सगळ्या हॉलने वाइनचे ग्लास वर धरले. हे त्याच्या मनात बसलं होतं. याला 'टोस्ट' म्हणतात हे त्यानेच सांगितलं. मी विचारलं, पावाचा तो टोस्ट? तर खरंच तोच निघाला. जुन्या काळी इंग्लंडात वाइनमध्ये मसाला लावलेल्या भाजक्या पावाचा तुकडा टाकत, त्यावरून हे नाव आलं. इंग्रजी रिवाजात आधी नवरीचा बाप बोलतो, मग नवरदेव आणि सगळ्यात शेवटी त्याचा जिवलग दोस्त. तोवर लोकांचं जेवण झालेलं असतं, पोटात वाइन गेलेली असते. मला हेवा वाटला तो या शेवटच्या गोष्टीचा.

कारण आमच्याकडे लग्नात माइक म्हणजे काय असतो ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. मुहूर्त टळून गेलेला, उन्हाचा पारा पंचेचाळिसाला टेकलेला, मांडवात लेकरं रडतायत, आणि स्टेजवर कोणीतरी पुढारी नवदाम्पत्याला शुभाशीर्वाद द्यायला उभा. त्याचं झालं की दुसरा. मधूनच शेला-टोप्यांचे सत्कार. लोक माइकला वैतागलेले असतात, बोलणारा कोण आहे हे पाहण्याच्याही आधी. आणि वर्धा जिल्ह्यात तर १९७०च्या दशकापासून दारूबंदी. बंदी आहे म्हणजे दारू नाही असा भाबडेपणा माझ्यात नाही, पण भर मांडवात पाचशे पाहुण्यांसमोर उचलायचा ग्लास मठ्ठ्याचाच असणार, हे पहिल्या मिनिटाला ठरलं.

पहिला प्रश्न काय बोलायचं हा नव्हताच. केव्हा बोलायचं हा होता.

मंगलाष्टकांच्या आधी नाही, तिथे पुढारी. मंगलाष्टकांनंतर नाही, तिथे सगळे जेवणाकडे पळतात. वधूच्या गावी तर मुळीच नाही, तिथे आपण पाहुणे, आणि पाहुण्याच्या तोंडचा विनोद सोयऱ्यांच्या कानाला वेगळाच ऐकू येतो. उरला दुसऱ्या दिवशीचा आमच्या गावातला स्वागत समारंभ. तिथेही स्टेजवर फोटोंची रांग, आणि खाली आहेराची वही घेऊन बसलेल्या काकांच्या हातात माइक.

उत्तर सापडलं दुसऱ्याच एका लग्नात, पंगतीत बसलो असताना. पंगत बसली की आधी पाणी येतं. मग मीठ, लिंबू, लोणचं, कोशिंबीर. मग आलू-वांग्याची भाजी, बुंदी, पोळी, भात, वरण, तूप. शेवटच्या माणसाच्या ताटात वरण पडेपर्यंत पहिला माणूस हात आखडून बसलेला असतो. श्लोक होत नाही तोवर घास घ्यायचा नाही. त्या वेळात त्याला करायला काही नसतं. समोर ताट आहे, भूक आहे, बाजूला ओळखीचा माणूस आहे, आणि उठून जाता येत नाही. मी मोबाइलवर घड्याळ लावलं. सव्वाशे माणसं, चार ओळी: मिठापासून शेवटच्या वरणापर्यंत सहा मिनिटं. दुसऱ्या पंगतीला साडेपाच. इंग्रजांनी जेवणानंतर जी जागा ठेवली, ती आपल्याकडे जेवणाच्या तोंडाशी आयतीच होती. फक्त कोणी वापरत नव्हतं.

म्हणजे माझ्याकडे जास्तीत जास्त साडेपाच मिनिटं. त्यातून एक मिनिट लोक हसण्यात आणि एक मिनिट माइक खरखरण्यात जाणार. उरली साडेतीन.

पहिला खर्डा मी रात्री बसून लिहिला आणि मोठ्याने वाचून पाहिला. नऊ मिनिटं लागली. त्यात सगळं होतं: शाळा, पोहायची विहीर, सायकल, त्याचं इंजिनिअरिंग, माझी शेती, मैत्रीची व्याख्यासुद्धा. ती व्याख्या सगळ्यात आधी गेली. ती कोणाच्याही लग्नात चालली असती, म्हणून ती आमची नव्हती.

मग विनोद. खर्ड्यात सहा होते. नवरदेवाच्या टकलावरचा मला फार आवडायचा, पण वधूपित्याचा फोटो पाहिला आणि मुकाट्याने खोडला. त्याने आधी किती मुली पाहिल्या त्यावर एक होता. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, पडणारा दगड वहिनीच्या अंगणात पडणार होता. गिलासावरचा होता, तो त्याच्या बाबांच्या तोंडाकडे पाहून काढला. उरलेले तीन आईला ऐकवले. आई वाती वळत होती. एकावर हसली, एकावर म्हणाली "बरं मंग?", आणि एकावर वात वळायची थांबली नाही. हसली तो ठेवला. तो त्याच्या उशिरा येण्यावरचा होता. गोव्याच्या त्या दोस्ताने म्हणे नवरदेवाची सालं काढली होती, अन् लोक खूष. आमच्याकडे सालं काढायला हरकत नाही, पण ती स्वतःची किंवा नवरदेवाची. व्याह्यांच्या झाडाला हात लावायचा नाही.

गोष्ट कोणती सांगायची याला आठ दिवस गेले. खरं तर ती पहिल्या दिवशीच आठवली होती, पण तिच्यात मी फार चांगला दिसत नाही, म्हणून टाळत होतो.

२०१४ चा डिसेंबर. त्या वर्षी बाजार पडला होता आणि कापूस सरकारी खरेदीला चालला होता. लांब धाग्याला हमीभाव क्विंटलला ४,०५० रुपये. जिनिंगच्या फाटकापासून रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग. बाबा आजारी, म्हणून भाड्याची ट्रॉली घेऊन मी गेलो आणि सोबतीला हा आला. दोन रात्री रांगेत काढल्या. दुसऱ्या रात्री थंडी अशी होती की हा कापसात खड्डा करून आत शिरला आणि वरून कापूस ओढून घेतला. पहाटे अचानक नंबर लागला. ट्रॉली काट्यावर चढली, भरल्या गाडीचं वजन झालं. मला वाटलं हा चहाला गेला. ट्रॉली रिकामी करताना कापसातून पाय निघाला आणि हमाल ओरडत मागे पळाला.

तोपर्यंत ही नुसती गंमत होती. मग रिकाम्या ट्रॉलीचं वजन झालं. भरल्या वजनातून रिकामं वजा केलं की उरतो तो कापूस, हा हिशेब. भरल्या वजनात हा होता, रिकाम्यात नव्हता. म्हणजे सरकारने आमच्याकडून साठ किलो दोस्त विकत घेतला होता, २,४३० रुपयांना. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी गप्प राहिलो. बाबांचं औषध त्या आठवड्यात साडेआठशेचं झालं होतं, ते आठवत उभा राहिलो. हा खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, "साहेब, याच्यात साठ किलो मी हावो. मले वजा करा." मी त्याच्या पायावर पाय दिला. बाबू आधी ओरडला, मग हसला, मग पावतीवर पेनाने लिहिलं: वजा ६०. मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही.

पुण्यात ही गोष्ट सांगायची असती तर रांग म्हणजे काय, काटा म्हणजे काय, हे सांगण्यातच दोन मिनिटं गेली असती. आमच्या पंगतीत दहातले आठ जण त्या काट्यावरून जाऊन आलेले. ओलावा, प्रत, टोकन हे सगळं मी खर्ड्यातून काढलं. 'ट्रॉली काट्यावर चढली' एवढं म्हटलं की ते त्यांचं त्यांना दिसतं.

पण गोष्ट अर्धीच होती. ती फक्त नवरदेवाची होती, आणि बाजूला नवरी बसलेली असणार. मी वहिनीच्या बहिणीला फोन केला. वहिनी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहेत. बहिणीने पाहण्याच्या कार्यक्रमातलं सांगितलं. वहिनींनी एकच प्रश्न विचारला होता, पगार किती. याने पगार सांगितला आणि कोणी न विचारता कर्जाचा हप्ताही सांगितला. आत गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे, हा बाकीचंबी खरंच सांगन."

मी फोन ठेवला आणि तसाच बसून सगळं लिहून काढलं. शेवट आधी सुचला. त्यावर मी सगळ्यात जास्त घासाघीस केली होती, कारण टोस्टचा शेवट नुसता गोड असून भागत नाही. लोकांना काहीतरी एकदम करायचं असतं, आणि ते केव्हा करायचं हे न सांगता कळायला हवं. याची आपल्याला सवय आहे. मंगलाष्टकात 'सावधान' आलं की शेवटच्या ओळीतल्या लेकरालाही कळतं, अक्षता टाक. भटजी 'आता टाका' म्हणत नाही. माझ्या आधीच्या खर्ड्यात 'उचला मठ्ठा' नंतर 'ईश्वर दोघांना' वगैरे दोन वाक्यं होती. म्हणजे लोकांनी हात वर करून आशीर्वाद संपायची वाट पाहायची. ती वाक्यं काढली. खूण शेवटी, आणि खुणेनंतर काही नाही.

कागदावर उतरलं ते असं, मुहूर्ताच्या वेळा तेवढ्या लग्नाच्या रात्री भरल्या:

"राम राम मंडळी. वाढणं चालू राहू द्या, वरण याच्या आधी मी आटपतो.

मी नवरदेवाचा दोस्त. पहिलीपासून एका बाकावर. त्यानं मले दोन गोष्टी शिकवल्या, पाढे अन् वाट पाहणं. पाढे मी इसरलो. वाट पाहणं नाही इसरलो, कारण हा आजवर कुठंच टाइमावर आला नाही. काल मुहूर्त होता ११ वाजून ४० मिनिटांचा. नवरदेव मारोतीच्या देवळातून निंगाले साडेबाराले.

पण एक डाव हा टाइमाच्या आधी पोचला होता. २०१४ ची गोष्ट. आमची कापसाची ट्रॉली, जिनिंगची लाइन, दुसरी रात्र. थंडी लागली म्हणून हा कापसात घुसून झोपला. पहाटे ट्रॉली काट्यावर चढली. मले वाटलं हा चहा प्याले गेला. ट्रॉली खाली कराले लागले तं कापसातून पाय निंगाला. हमाल जो पयाला, तो फाटकापाशीच थांबला.

आता हिशेब पाहा. भरल्या ट्रॉलीत हा होता, रिकाम्या ट्रॉलीत नव्हता. म्हंजे साठ किलो हा कापसाच्या भावात गेला. २,४३० रुपये. मी गपचूप पावतीची वाट पाहून राह्यलो होतो. खोटं कायले सांगू. हा गेला खिडकीपाशी अन् म्हणे, साहेब, याच्यात साठ किलो मी हावो. मले वजा करा.

मी आठ दिवस बोललो नाही याच्याशी.

हा वहिनीले पाहाले गेला तवा वहिनीनं एकच इचारलं, पगार किती. यानं पगार सांगतला, अन् कोणी न इचारता कर्जाचा हप्ताबी सांगतला. बाजूनं काकू चिमटे घेऊन राहिल्या होत्या. वहिनी दवाखान्यात रोज लेकरं तोलते. तिनं यालेबी तवाच तोलला. आत जाऊन बहिणीले म्हणे, हा बाकीचंबी खरंच सांगन.

आता हे दोघं एकाच काट्यावर चढले. मंडळी, याच्यापुढं याच्यात कोणाचं किती, ते कोणी वजा करू नोका. उचला मठ्ठा!"

तीन मिनिटं दहा सेकंद. आठ वेळा वाचलं, तर तीनदा तीन मिनिटांच्या आत.

मग तयारी. मठ्ठा एरवी भाताच्या वेळी येतो. वाढप्या पोरांना आदल्या रात्री सांगितलं, पाण्याच्या मागोमाग मठ्ठा. डीजेवाल्याला सांगितलं, इको बंद. गावाकडच्या माइकवर इको लावलेला असतोच, गाण्याला बरा वाटतो, पण त्यात 'वजा करा' म्हटलं तर सरकारने मला चार वेळा वजा केलं असतं. आहेरवाल्या काकांना सांगितलं, पहिल्या पंगतीपुरता माइक मला. ते म्हणाले, पाच मिनिटं. मी म्हटलं, सहा. साडेपाचवर तुटलं.

नवरा-नवरीची पहिली पंगत बसली. पाणी आलं, मठ्ठा आला, मीठ आलं. नवरा-नवरी आले नाहीत. फोटोवाल्याने त्यांना गोठ्यामागच्या कडुनिंबाखाली उभं केलं होतं, सूर्य बुडायच्या आत म्हणे. लिंबू आलं. लोणचं आलं. मी माइक हातात घेऊन दोन रिकाम्या ताटांकडे पाहत उभा. भाजी वाढून झाली. बुंदी दुसऱ्या ओळीत पोहोचली तेव्हा नवरदेव हाताने फेटा सावरत धावत आला, मागे वहिनी. लोक हसायला लागले, मी एक अक्षर बोलायच्या आधी.

माझ्याकडे आता जेमतेम तीन मिनिटं होती. उशिराचा विनोद वाचण्यात अर्थच नव्हता, तो त्याने स्वतः करून दाखवला होता. मी राम राम केला, त्याच्याकडे बोट दाखवलं, म्हटलं, "पाह्यलं?" आणि सरळ ट्रॉलीवर आलो. लिहिलेल्या चार वाक्यांपेक्षा त्या एका शब्दाला जास्त हसले, हे थोडं लागलं.

पाय निघाला तिथे हशा. २,४३० ला शांतता. आकडा सगळ्यांनी मनात करून पाहिला असणार. मग 'मले वजा करा' म्हटलं आणि मी ठरवल्याप्रमाणे थांबलो. दोन सेकंद थांबायचं असं कागदावर लिहिलं होतं. तेवढ्यात तिसऱ्या ओळीतून एक म्हातारा, आयुष्यभर जिनिंगवर हमाली केलेला, मोठ्याने विचारता झाला, "अन् मंग केलं का वजा?"

"केलं ना," मी म्हटलं.

"येडा बाबू होता," तो म्हणाला, आणि मांडव फुटला. माझं पुढचं वाक्य, आठ दिवस न बोलल्याचं, त्या हशात वाहून गेलं. मी ते पुन्हा म्हटलं नाही.

वहिनींचं सांगत होतो तेव्हा मी बायकांच्या ओळीकडे पाहत होतो. लेकरं तोलण्यावर तिथे आधी कोणीच हसलं नाही. मग वहिनींची आई हसली, आणि मग बाकीच्या. वहिनी मान खाली घालून ताटातल्या मिठाकडे पाहत होत्या.

शेवटचं वाक्य मी नीट म्हटलं. "उचला मठ्ठा!"

अर्ध्या पंगतीचे ग्लास रिकामे होते. मे महिना, संध्याकाळचे सहा, समोर गार मठ्ठा ठेवून माणसाने सहा मिनिटं बसावं अशी अपेक्षा करणारा मीच मूर्ख. काहींनी रिकामा ग्लास वर केला, काहींनी पाण्याचा. एका काकांनी लिंबाची फोड वर धरली. लेकरांनी पोळ्याच उचलल्या, कारण खूण त्यांनाही कळली होती. वाढप्यांना मागून आवाज गेला, "अबे मठ्ठा आण ना," आणि तो येईपर्यंत सगळे हात वरच. कोणीतरी श्लोक सुरू केला, तेव्हा ते खाली आले.

पंगत उठल्यावर नवरदेव काही बोलला नाही. येऊन पाठीत एक बुक्की घातली, मग पुढच्या फोटोला गेला.

मी हात धुवत होतो तेव्हा त्याची आई आली. नऊवारीचा पदर खोचलेला, हातात वरणाची बादली. मला वाटलं आता रडतील.

"सगळं बरं बोलला," काकू म्हणाल्या. "पण मी चिमटे नव्हते घेतले. पायावर पाय देल्ला होता."